ब्राव्हो कंपनीची लाइन

डिसेंबर 1971. जम्मू-पठाणकोट बाजूची सीमा, रात्रीचे अकरा. एका पायदळ पलटणीच्या मुख्यालयातून ब्राव्हो कंपनीला फील्ड टेलिफोनवर घंटी दिली जाते आणि तिकडून कोणी उचलत नाही. दहा वाजता याच लाइनवर बोलणं झालेलं आहे. टेलिफोनचं हँडल फिरवताना हाताला जे जाणवतं ते अगदी नेहमीसारखं आहे. म्हणजे लाइन शाबूत आहे असं हात सांगतोय, आणि पलीकडे चार माणसं जागी असूनही उत्तर नाही.

हे प्रकरण आमच्या गावातल्या आबांनी पोरांपुढे मांडलं. आबा त्या पलटणीच्या सिग्नल प्लाटूनमध्ये लाइनमन होते, तेव्हा वय बावीस. आमच्या सातारा भागात फौजेतून आलेला म्हातारा दर आळीत सापडतो, आणि त्यांच्या गोष्टींत बहुधा गोळ्या आणि बंदुका असतात. आबांच्या गोष्टीत वायर असते. पोरं त्यामुळे आधी नाराज होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मला मात्र ही गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली. आबांनी ती सांगितली कमी आणि विचारली जास्त.

आधी त्यांनी एक गैरसमज काढून टाकला. सिग्नल कोअर वेगळी, तिची शिकवणी जबलपूरला. आणि प्रत्येक पायदळ पलटणीची स्वतःची सिग्नल प्लाटून वेगळी. ब्रिगेडकडून पलटणीपर्यंतची लाइन कोअरवाले टाकतात, पलटणीकडून कंपन्यांपर्यंतची पलटणीचे लोक. नियम सोपा: वरच्यानं खालच्याला लाइन द्यायची, आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत डावीकडच्यानं उजवीकडच्याला. लाइन तुटली तर जायचं कुणी, हा वाद मग राहत नाही. ब्राव्होची लाइन मुख्यालयाची, म्हणजे जाणार आबाच.

“पण आबा, वायरलेस नव्हता का?” पाटलांच्या धाकट्यानं विचारलं.

“व्हता की. पाठीवरचा सेट व्हता. पर हवेत सोडलेला शबुद काय आपल्या बापाचा ऱ्हातोय व्हय? समोरचाबी कान लावून बसलेला. हुकूम असा, की हल्ला आला तर सेट उघडायचा, न्हाईतर लाइनवर बोलायचं.”

हाताला काय कळतं

फील्ड टेलिफोनच्या पेटीत एक छोटं जनित्र असतं. हँडल फिरवलं की त्यातून वीज निघते, तारेतून पलीकडे जाते आणि तिथली घंटी वाजवते. पलीकडे सगळ्या लाइन जिथे येतात ते एक्स्चेंज असेल तर तिथली त्या लाइनची खुणेची पाटी पडते. बोलण्यासाठी वेगळे सेल असतात, ते आपापल्या टेलिफोनात. तार दोन पिळांची, प्रत्येक पिळात तांब्याचे आणि पोलादाचे बारीक धागे. तांबं वीज नेतं, पोलाद ताण सोसतं.

आता तार मध्येच तुटली तर वीज कुठे जाणार? कुठेच नाही. जनित्रावर ओझं नाही, म्हणून हँडल भुर्रकन हलकं फिरतं. याला सिग्नलवाले ‘लाइन डिस’ म्हणतात. उलट आवरण सोलून दोन पिळ एकमेकांना चिकटले तर सगळी वीज तिथूनच परत फिरते, जनित्र दमतं आणि हँडल जड होतं. बिघाड जितका जवळ तितकं जड. आणि लाइन चांगली असेल तर या दोहोंच्या मधलं, पलीकडच्या घंटीचं ओझं हाताला लागतं.

हे सांगून पोरांना पटेना. मग शाळेतला हातानं फिरवायचा डायनॅमो आणला. तारा मोकळ्या ठेवून फिरवला, बल्ब लावून फिरवला, मग तारांची टोकं एकमेकांना टेकवून फिरवला. तिसऱ्या वेळी एका पोराच्या हातात हँडल जवळजवळ अडकलंच. त्यानंतर वीस मिनिटं गोष्ट थांबली, कारण प्रत्येकाला ते करून बघायचं होतं. आबांची काही हरकत दिसली नाही. त्यांनी तेवढ्यात तंबाखू मळली.

“मग आता सांगा,” ते म्हणाले. “अकरा वाजलेत. हँडल हलकं न्हाई, जडबी न्हाई. ठीकठाक फिरतंय. पर उत्तर न्हाई. काय समजायचं?”

पोरांची उत्तरं तीच आली जी बावीस वर्षांच्या आबांना सुचली होती. पलीकडचा झोपला असेल. मेला असेल. घंटी बिघडली असेल.

एक्स्चेंजवर त्या रात्री जो हवालदार बसला होता त्याला यातलं काहीच मान्य नव्हतं. कंपनीच्या टेलिफोनजवळ पाळीपाळीनं जागणारी माणसं असतात, सगळी एकदम झोपत नाहीत. सगळीच मेली असतील इतका मारा झाला असता तर तो आवाज मुख्यालयात ऐकू आला असता. साडेदहाच्या सुमाराला तोफेचे काही गोळे पडले होते खरे, पण ते मधल्या नाल्याच्या बाजूला, कंपनीवर नाही. त्यानं एक्स्चेंजवरून ती लाइन सोडवली, सुट्या टेलिफोनला जोडली आणि पुन्हा हँडल फिरवलं. तसंच मधलं. म्हणजे दोष एक्स्चेंजचा नव्हता.

मग त्यानं अल्फा कंपनीला घंटी दिली. अल्फा डावीकडे, ब्राव्हो तिच्या उजवीकडे, आणि त्या दोघींत एक आडवी लाइन होती. अल्फाच्या माणसाला त्यानं सांगितलं, तुझ्या लाइनवरून ब्राव्होला विचार की आमचा टेलिफोन त्यांच्याकडून कसा फिरतो. अल्फाचा माणूस दोन टेलिफोन दोन्ही कानांशी धरून बसला आणि इकडचं तिकडे बोलत राहिला. ब्राव्होचं उत्तर आलं: आम्ही जागे आहोत, घंटी वाजलेली नाही, आणि आमच्या बाजूनं हँडल एकदम हलकं आहे.

मला विचाराल तर या प्रकरणाचा गाभा इथे आहे. एकच तार, पण एका टोकाकडून ती चांगली भासते आणि दुसऱ्या टोकाकडून तुटलेली. दोन्ही हात खरं सांगतायत.

पाणी

आबांनी पोरांना उत्तर दिलं नाही. मला म्हणाले, “गुरुजी, पेलाभर पाणी आणा, मूठभर मीठ टाकून.” डायनॅमोच्या तारांची उघडी टोकं एकमेकांना न टेकवता त्या पाण्यात सोडली आणि हँडल पोरांच्या हातात दिलं. मोकळ्या तारांपेक्षा किंचित जड. बल्बाइतकं नाही, पण हलकंही नाही.

तुटलेली तार कोरड्यात पडली तर हँडल हलकं होतं. तीच टोकं चिखलाच्या पाण्यात पडली तर वीज पाण्यातून थोडी थोडी पाझरते, आणि ते पाझरणं हाताला थेट घंटीच्या ओझ्यासारखं लागू शकतं. फील्ड टेलिफोनचा दाब शाळेच्या डायनॅमोपेक्षा पुष्कळ जास्त, त्यामुळे तिथे मिठाची गरज पडत नाही, नाल्याचं गढूळ पाणी पुरतं. दवानं भिजलेली, जागोजागी सोललेली जुनी तारही असंच फसवते. म्हणून हाताच्या परीक्षेला ही मर्यादा आहे: हँडल हलकं लागलं तर लाइन नक्की तुटली आहे, मधलं लागलं तर ती नक्की चांगली आहे असं म्हणता येत नाही. उत्तर आलं तरच चांगली.

हवालदारानं हिशेब केला. मुख्यालयाच्या बाजूचं टोक पाण्यात आहे. लाइनवर पाणी एकाच ठिकाणी, नाल्यापाशी. गोळेही तिथेच पडलेत. आबांना आणि त्यांच्या जोडीदाराला त्यानं नाल्याकडे पाठवलं, मात्र एक अट घालून: धावत थेट नाल्यावर जायचं नाही, तार हातात धरून जायचं.

निघताना सामान किती? एक टेलिफोन, गुंडाळीभर तार, पक्कड, चाकू, चिकटपट्टी आणि खिशात मूठभर सेफ्टी पिना. पिना कशाला, यावर पोरींनी बरेच तर्क लढवले. तार न कापता मध्येच टेलिफोन जोडायचा असेल तर आवरणातून पिन आरपार घालायची, आतल्या धाग्यांना लागली की झालं. दोन पिळांना दोन पिना. नंतर काढून घ्यायच्या आणि भोकावर चिकटपट्टी लावायची, नाहीतर तुम्हीच पुढच्या बिघाडाची सोय केलीत.

दत्तजयंतीची पौर्णिमा होऊन दहा-अकरा दिवस झाले होते. चंद्र उगवायचा तो पहाटे. त्यात धुकं. तार डाव्या मुठीतून सरकवत आबा पुढे, जोडीदार चार पावलं मागे रायफल घेऊन. एकानं काम करायचं तेव्हा दुसऱ्यानं त्याच्या हातांकडे बघायचं नाही, अंधाराकडे बघायचं, असा उस्तादाचा दंडक होता.

नाल्यावर तार सापडली ती तुटलेलीच. काठाचा एक लचका गोळ्यानं उडवला होता. मुख्यालयाकडचं टोक पाण्यात, आणि बरंच चाचपल्यावर हाती आलेलं ब्राव्होकडचं टोकही पाण्यातच. दोन्ही टोकांचे धागे झाडूसारखे फिसकटलेले, कमीजास्त लांबीचे. गोळ्यानं तुटलेली तार अशीच दिसते, म्हणजे अंधारात अशीच लागते.

जोड देण्याची रीत आबांनी सुतळीवर करून दाखवली. आवरण सोलायचं, धाग्यांची सरळ गाठ मारायची म्हणजे ताण गाठीवर येतो, उरलेली शेपटं घट्ट पिळून घ्यायची, वर चिकटपट्टी. पण दोन पिळांच्या गाठी समोरासमोर येऊ द्यायच्या नाहीत, एक गाठ दुसरीपासून वीतभर पुढे. का, ते पाचवीतल्या पोरानंही सांगितलं: एकमेकींना टेकल्या तर हँडल जड होईल. थंडीत बोटं वळत नाहीत, चाकू सापडत नाही, म्हणून बहुतेक वेळा सोलायचं ते दातांनी. पोलादाचे धागे नखात शिरतात. आबांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली अजून एक काळी रेघ आहे.

गाठी झाल्या, पाणी झटकलं, पिना लावून मुख्यालयाला घंटी दिली. हवालदार लगेच लाइनवर आला. मग ब्राव्होला घंटी दिली.

“उत्तर न्हाई,” आबा म्हणाले. “आता?”

सातवीतली चिंगी मघापासून गप्प होती. ती म्हणाली, “आबा, तुम्हाला ते गाठ मारायच्या आधीच कळायला पाहिजे होतं.”

“ते कसं काय, पोरी?”

“ब्राव्होकडचं टोकपण पाण्यात होतं ना? मग त्यांचं हँडल हलकं कसं लागलं? त्यांची तार आणखी कुठेतरी कोरड्यात तुटलेली असणार.”

आबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, हवालदारानं त्या रात्री टेलिफोनवर त्यांना नेमकं हेच सुनावलं होतं, फक्त सोबत दोन शिव्या होत्या.

साफ कापलेलं टोक

दोघं पुढे निघाले. तार मुठीतून सरकत होती. तीनशे पावलांवर ती संपली. गोळ्याचा खड्डा नाही, उकरलेली माती नाही. आबांनी टोक बोटांत धरलं आणि त्यांचा हात थांबला. दोन्ही पिळ एकाच लांबीचे, कडा गुळगुळीत. चाकूनं कापलेली तार.

लाइनमनच्या शिकवणीत ही गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगतात. शत्रूची टेहळणी टोळी तार शोधते, कापते आणि बाजूला दबा धरून बसते. तार तुटली म्हणजे ती जोडायला कोणीतरी येणारच, एकटा-दुकटा, दोन्ही हात कामात गुंतलेला. कैदी मिळवायची याहून सोपी युक्ती नाही. म्हणून फिसकटलेलं टोक मिळालं तर जोडा, साफ टोक मिळालं तर हात लावू नका.

पोरं आता पुढे सरकून बसली होती. बंदुका येतील असं वाटायला लागलं होतं.

आबांनी टोक जमिनीवर ठेवलं आणि जोडीदाराच्या पायाला दोनदा चिमटा काढला. दोघं आल्या वाटेनं पोटावर सरकत नाल्यापर्यंत आले. मघाच्या जोडाजवळ पुन्हा पिना लावल्या आणि आबा कुजबुजले: लाइन कापलेली आहे, साफ. हवालदारानं ते अल्फाला सांगितलं, अल्फानं आडव्या लाइनवरून ब्राव्होला. ब्राव्होची सगळी कंपनी उठून मोर्च्यांत उभी राहिली आणि तिची एक तुकडी आपल्या बाजूनं तार धरून नाल्याकडे निघाली.

इथला धोका आबांनी मुद्दाम सावकाश समजावला. अंधारात एकाच तारेवर दोन बाजूंनी आपलीच माणसं येतायत, दोघांच्याही मनात शत्रू आहे. अशा वेळी आपल्याच गोळीनं माणूस जातो. म्हणून दोन्हीकडे आधी सांगितलं गेलं की समोरून कोण येतंय आणि किती जण, आणि परवलीचा शब्द झाल्याशिवाय बोट खटक्यावर न्यायचं नाही. आबा आणि जोडीदारानं नाला सोडायचा नाही, पुढं येतील ते ब्राव्होचे लोक.

ते आले. त्यांना कोणी दिसलं नाही. दबा धरल्याची खूण नाही, दवानं भिजलेल्या कोवळ्या गव्हात माणूस लोळल्याचा माग नाही. मिळालं एवढंच, की ब्राव्होच्या बाजूचं टोकही साफ कापलेलं होतं, आणि दोन टोकांच्या मधली बारा-पंधरा हात तार गायब होती.

टोळी तार कापते तेव्हा एक घाव पुरतो. मधला तुकडा घेऊन जायचं तिला कारण नाही. हे आबांना तेव्हाही जाणवलं, पण रात्री असल्या तर्कावर कोणी जीव टांगत नाही. ब्राव्होच्या तुकडीनं पहारा दिला, आबांनी सोबतच्या गुंडाळीतला तुकडा घालून दोन्हीकडे जोड दिले, दोन्ही बाजूंना घंटी दिली, दोन्हीकडून उत्तर घेतलं. तीनच्या आसपास लाइन चालू झाली. मोर्च्यांतली कंपनी मात्र उजाडेपर्यंत तशीच उभी राहिली, त्या थंडीत.

तुकडा सकाळी सापडला. लंगरच्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघराच्या, एका डेगच्याच्या कड्याला, झाकणावरून दोनदा फिरवून, पक्की गाठ मारून.

झालं होतं ते असं. रात्रीचं जेवण ब्राव्होला पोचवून लंगरची माणसं रिकामे डेगचे काठीला बांधून परतत होती. नाल्यावर गोळे पडायला लागले तसे ती आडवी झाली, मग पळाली, आणि त्या गडबडीत दोरी तुटली. डेगचे वाजायला लागले. रात्री मोर्च्यांसमोर भांडी वाजवत चालणं म्हणजे मरण, आणि पायाशी एक वायर पडलेली दिसली. त्या भागात आधीच्या पलटणीनं सोडून दिलेल्या जुन्या तारा जागोजागी होत्याच. लंगरच्या मदतनिसानं चाकू काढला.

दोन बिघाड एकाच तासात, हे ऐकून एखाद्याला गोष्ट रचलेली वाटेल. पण गोळे पडले नसते तर दोरी तुटली नसती. कारण एकच होतं, बिघाड दोन. शिवाय आपल्याच माणसांनी तार पळवणं ही सिग्नलवाल्यांची जुनीच डोकेदुखी. कपडे वाळत घालायला, गवताचे भारे बांधायला, तंबूचा दोर तुटला तर, तारेसारखी चीज नाही. आबांच्या मते लढाईत त्यांच्या लाइनचं जितकं नुकसान तोफांनी केलं त्याच्या खालोखाल रणगाड्यांच्या पट्ट्यांनी आणि मग लंगरनं केलं.

“मग त्याला शिक्षा झाली का, आबा?”

“झाली की. त्याला माझ्या हाताखाली दिला, लाइन हलवायला.”

कारण खरा दोष तार टाकणाऱ्यांचा निघाला. घाईत लाइन जेवणाच्या पायवाटेला लागूनच टाकली होती. वाटेजवळ टाकली की टाकायला सोपी, शोधायला सोपी, आणि तुडवायला, कापायलाही सोपी. नाल्यापलीकडे लाइनवर चिठ्ठीही नव्हती. ती जिवंत आहे की टाकून दिलेली, हे अंधारात मदतनिसाला कळायला काही मार्गच नव्हता. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर सगळी लाइन वाटेपासून पन्नास पावलं आत घेतली. जिथे वाट ओलांडायची तिथे ती पुरली आणि दोन्ही बाजूंना खुंटीला बांधून चिठ्ठ्या लावल्या. नाल्यावर तार पाण्यालगत न सोडता दोन बाभळींवरून उंच नेली, थोडी ढिली ठेवून, म्हणजे जवळ गोळा पडला तर ती झोल खाते, तुटत नाही. आणि 17 डिसेंबरला युद्धबंदी होईपर्यंत रोज संध्याकाळी लंगरच्या माणसांना सिग्नल प्लाटूनकडून मोडक्या तारेचा एक वेटोळा मोजून दिला जाई, डेगचे बांधायला.